कागदावरचा नफा, रोखीतला कर

बाणेर-बालेवाडीच्या एखाद्या स्टार्टअपमध्ये चार वर्षं काढून कुणी राजीनामा दिला, की निरोपाचा केक कापून झाल्यावर दोन-चार दिवसांत एचआरची मेल येते. लॅपटॉप कुठे जमा करायचा, पीएफचं काय, हे सगळं त्यात असतंच. पण खाली एक परिच्छेद असा असतो, की तो वाचून माणूस खुर्चीत सरळ बसतो. तुमचे ४,००० स्टॉक ऑप्शन व्हेस्ट झालेले आहेत. शेवटच्या कामाच्या दिवसापासून ९० दिवसांच्या आत ते एक्झरसाइज करा, नाहीतर ते रद्द होतील. एक्झरसाइजची रक्कम २ लाख रुपये. त्यावरचा टीडीएस १४ लाख ४ हजार रुपये. दोन्ही रकमा जमा झाल्यावरच शेअर अलॉट होतील.

अशी मेल आलेल्या तरुण अभियंत्याचा पहिला प्रश्न साधा असतो: मी अजून काहीच विकलेलं नाही, मग कर कशावर?

वरचे आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत, पण हिशेब खरा आहे. भारतात आयकर कायद्याची या विषयातली रीत अशी आहे, की ऑप्शनचे शेअर हातात येतात तेव्हा एकदा कर लागतो आणि ते शेअर विकले जातात तेव्हा पुन्हा एकदा. हे दोन कर वेगवेगळ्या प्रकरणांखाली, वेगवेगळ्या दरांनी आणि वेगवेगळ्या तारखांवर लागतात. पहिल्यात जास्त भरलं गेलं तर दुसऱ्यात ते परत मिळेल, अशी कसलीही सोय त्यांच्यात नाही. ईसॉपमधले बहुतेक मनस्ताप या एका गोष्टीतून निघतात.

आधी व्यवहार समजून घेऊ. कंपनी नोकरीत घेताना पत्र देते, की तुम्हाला इतके ऑप्शन दिले. ही ग्रँट. ऑप्शन म्हणजे शेअर नव्हे; ठरलेल्या किमतीला पुढे शेअर घेण्याचा हक्क. तो हक्क एकदम मिळत नाही, वर्षागणिक पिकत जातो. त्याला व्हेस्टिंग म्हणतात, आणि आपल्याकडे नियमानुसार ग्रँटनंतर किमान एक वर्ष जावंच लागतं. ग्रँट झाली, व्हेस्टिंग झालं, तरी करखात्याला त्यात रस नसतो. कर्मचारी जेव्हा ठरलेली किंमत भरून शेअर मागतो, म्हणजे एक्झरसाइज करतो, आणि कंपनी ते त्याच्या नावावर करते, तेव्हा पहिला कर उभा राहतो.

आपल्या उदाहरणातल्या अभियंत्याला २०२१ मध्ये ४,००० ऑप्शन मिळाले, एक्झरसाइज प्राइस शेअरमागे ५० रुपये. जुलै २०२५ मध्ये तिने राजीनामा दिला तेव्हा शेअरची बाजारमूल्याची किंमत होती १,०५० रुपये. कायदा म्हणतो, १,०५० ची वस्तू मालकाने तुला ५० ला दिली, तेव्हा मधले हजार रुपये हा पगारच. त्याला पर्क्विझिट असं नाव आहे. कंपनीचं घर किंवा गाडी वापरायला मिळाली तर तिची किंमत जशी पगारात धरतात, तसंच हे. ४,००० शेअर गुणिले १,००० म्हणजे ४० लाख रुपये तिच्या त्या वर्षीच्या पगारात मिळवले गेले.

कंपनी शेअर बाजारात नाही, मग १,०५० हा आकडा आला कुठून? सूचीबद्ध नसलेल्या शेअरसाठी तो आकडा सेबीकडे नोंदलेला पहिल्या श्रेणीचा मर्चंट बँकर ठरवतो. त्याचा मूल्यांकन अहवाल एक्झरसाइजच्या दिवसाचा असावा किंवा फार तर १८० दिवस जुना. सहा महिने म्हणजे स्टार्टअपच्या जगात बराच काळ. मार्चमध्ये सगळं तेजीत असताना केलेलं मूल्यांकन ऑगस्टमध्ये, निम्मी टीम कमी केल्यावरही, नियमात बसतं. म्हणून अहवाल कोणत्या तारखेचा आहे आणि पुढचा कधी येणार आहे, हे एचआरला विचारण्यात काहीच गैर नाही. वर्तमानपत्रात आलेल्या गुंतवणुकीच्या फेरीचा भाव मात्र इथे लागू होईलच असं नाही. गुंतवणूकदार बहुधा विशेष हक्कांचे प्रेफरन्स शेअर घेतात, कर्मचाऱ्याच्या वाट्याला साधे इक्विटी शेअर येतात, आणि त्यांची किंमत सहसा कमी निघते.

आता १४ लाखांचा हिशेब. २०२५-२६ या वर्षी नव्या करप्रणालीत तिचं करपात्र उत्पन्न २४ लाख धरू. त्यावर टप्प्याटप्प्याने तीन लाख कर होतो, चार टक्के सेस मिळवून ३ लाख १२ हजार. त्यावर ४० लाखांचं पर्क्विझिट आलं की उत्पन्न ६४ लाखांवर जातं. २४ लाखांच्या वरच्या प्रत्येक रुपयाला ३० टक्के दर असल्यामुळे कर १५ लाख होतो. पण उत्पन्नाने ५० लाखांची रेषा ओलांडली, म्हणून सगळ्या करावर, म्हणजे नेहमीच्या पगारावरच्या करावरसुद्धा, दहा टक्के सरचार्ज लागतो. कर साडेसोळा लाख, सेससह १७ लाख १६ हजार. नेहमीचे ३ लाख १२ हजार वजा केले की उरतात १४ लाख ४ हजार. कंपनीवर टीडीएस कापण्याची सक्ती आहे, पण एका महिन्याच्या पगारातून चौदा लाख कापणार कसे? म्हणून ती रक्कम कर्मचाऱ्याकडूनच आधी मागून घेतली जाते.

थोडक्यात, १६ लाख ४ हजार रोख मोजायचे, आणि त्या बदल्यात असे शेअर घ्यायचे, जे आज कोणी विकत घ्यायला बसलेलं नाही.

सरचार्जची रेषा इथे खरोखर महत्त्वाची आहे. राजीनाम्याची घाई नसेल आणि हेच ऑप्शन दोन आर्थिक वर्षांत निम्मे-निम्मे एक्झरसाइज केले, किंमत तीच राहिली, तर दर वर्षी पर्क्विझिट २० लाख, उत्पन्न ४४ लाख, सरचार्ज शून्य. दोन वर्षांचा जादा कर १२ लाख ४८ हजार होतो, म्हणजे दीड लाखांहून जास्त वाचतात. यात एक बारकावा आहे. किंमत एक्झरसाइजच्या दिवसाची धरतात, पण पर्क्विझिट कोणत्या वर्षाचं हे शेअर अलॉट झाले त्यावर ठरतं. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात अर्ज केला आणि संचालक मंडळाने एप्रिलमध्ये अलॉटमेंट केली, तर दोन वर्षांत विभागण्याचा बेत तिथेच फसतो.

हे असं का, याला थोडा इतिहास आहे, आणि त्यात एक पुण्यात जन्मलेली कंपनीही आहे. इन्फोसिसची नोंदणी १९८१ मध्ये पुण्यात झाली; पुढे ती बंगळुरूची म्हणून ओळखली गेली. कर्मचाऱ्यांना भागीदार करून घेण्याची कल्पना आपल्याकडे तिने फार लवकर राबवली. १९९४ मध्ये तिने एक कल्याण ट्रस्ट काढला, त्याला एक-एक रुपयाला वॉरंट दिले, आणि प्रत्येक वॉरंटवर कर्मचाऱ्याला १०० रुपयांत एक शेअर घेता येत होता. अट एवढीच, की पाच वर्षं ते शेअर विकता येणार नाहीत आणि मध्येच नोकरी सोडली तर ते परत करावे लागतील. शेअरचा बाजारभाव शंभराच्या बराच वर होता. करखात्याने सांगितलं, हा फरक म्हणजे पगार, आणि कंपनीने टीडीएस कापला नाही म्हणजे कंपनी कसूरदार.

खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. जानेवारी २००८ मध्ये न्यायालयाने इन्फोसिसच्या बाजूने निकाल दिला. जो शेअर पाच वर्षं विकता येत नाही, ज्याची किंमत पाच वर्षांनी काय असेल कुणाला माहीत नाही, त्यातला फायदा आज मिळालेलं उत्पन्न कसा मानायचा, असा निकालाचा गाभा होता. शिवाय त्या वर्षांत अशा लाभाची किंमत कशी काढायची याची कायद्यात तरतूदच नव्हती. आजच्या स्टार्टअप कर्मचाऱ्याची तक्रार शब्दाशब्दाने हीच आहे. फरक इतकाच, की आता कायद्यात तरतूद आहे.

ती येण्याआधी संसदेने बरेच प्रयोग केले. एप्रिल २००० पासून काही वर्षं, केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे चालणाऱ्या योजनांत एक्झरसाइजच्या वेळी कर नव्हता; विक्रीच्या वेळी एकदाच, भांडवली नफ्यावर लागायचा. २००७ मध्ये पी. चिदंबरम यांनी ईसॉप फ्रिंज बेनिफिट टॅक्सखाली आणला, म्हणजे कर भरण्याची जबाबदारी कंपनीवर गेली आणि कंपन्यांनी ती रक्कम कर्मचाऱ्यांकडून वसूल करायला सुरुवात केली. २००९ मध्ये प्रणव मुखर्जी यांनी फ्रिंज बेनिफिट टॅक्स बंद केला आणि ईसॉप थेट कर्मचाऱ्याच्या पगारात आला. आजची दोन टप्प्यांची पद्धत तेव्हापासूनची. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाला, कलमांचे क्रमांक बदलले, पण हा सांगाडा तोच राहिला.

सरकारचा युक्तिवाद अगदीच पोकळ नाही, हेही सांगायला हवं. एक्झरसाइजच्या वेळी करच नसेल, तर कंपन्या मोठ्या अधिकाऱ्यांचा निम्मा पगार शेअरमध्ये देतील, आणि पगारावरच्या तीस टक्क्यांऐवजी भांडवली नफ्याचा हलका दर लागेल. सूचीबद्ध कंपनीच्या बाबतीत हा मुद्दा बिनतोड आहे, कारण तिथे शेअर आला त्याच दिवशी विकता येतो. बाजारात नसलेल्या कंपनीला तोच नियम लावला, की त्याची धार कर्मचाऱ्याच्या अंगाला लागते.

दुसरा कर त्या मानाने सौम्य. शेअर विकले की भांडवली नफा मोजायचा, आणि इथे खरेदी किंमत ५० रुपये नव्हे तर १,०५० धरायची, कारण मधल्या हजारावर कर भरून झालेला आहे. समजा कंपनी पुढे बाजारात आली आणि आपल्या अभियंत्याने दोन वर्षांनी शेअर १,६०० रुपयांना विकले. नफा शेअरमागे ५५०, एकूण २२ लाख. अलॉटमेंटनंतर बारा महिन्यांहून जास्त काळ ठेवलेला सूचीबद्ध शेअर दीर्घ मुदतीचा ठरतो. त्यावरच्या वर्षाच्या सव्वा लाखापर्यंतच्या नफ्याला कर नाही, उरलेल्याला साडेबारा टक्के. पगार पूर्वीइतकाच आणि दरही आजचेच धरले, तर हा कर सेससह २ लाख ७० हजारांच्या आत येतो. दोन्ही कर मिळून पावणेसतरा लाख, खरा नफा ६२ लाख. कुणी कुरकुर करणार नाही.

आता हीच गोष्ट उलटी करू. कंपनी बाजारात आली, पण वाऱ्याची दिशा बदललेली होती आणि शेअर ६०० ला विकावे लागले. हातात आले २४ लाख. खरेदीला दोन लाख गेले होते, म्हणजे खरा नफा २२ लाख. त्यावर आधीच भरलेला कर १४ लाख ४ हजार, म्हणजे जवळजवळ ६४ टक्के. इतका दर आपल्या कायद्यात कुठल्याच टप्प्याला नाही, तरी तो प्रत्यक्षात पडला. भाव ४०० रुपयांवर गेला तर विक्रीचे १६ लाख आणि घातलेले १६ लाख ४ हजार यांची गाठ पडते. पन्नास रुपयांना घेतलेला शेअर आठपट भावाने विकूनही हाती काही उरत नाही.

कायद्याच्या लेखी मात्र तिला शेअरमागे ४५० रुपयांचा, एकूण १८ लाखांचा भांडवली तोटा झालेला आहे, तेही भाव ६०० असताना. हा तोटा पगाराच्या उत्पन्नातून वजा करता येत नाही. दीर्घ मुदतीचा तोटा फक्त दीर्घ मुदतीच्या नफ्यातून वळता होतो, आणि त्यासाठी तो आठ वर्षं पुढे ओढता येतो. तोही रिटर्न मुदतीत भरलं असेल तरच. ज्याच्याकडे दुसरे शेअर किंवा विकण्याजोगी जमीन-सदनिका नाही, त्याला हा तोटा कागदावर जपून ठेवण्यापलीकडे काही करता येत नाही. कंपनी पुरती बुडाली, तरीही पर्क्विझिटवर भरलेला कर परत मिळत नाही.

हे केवळ पुस्तकी उदाहरण नाही. १८ नोव्हेंबर २०२१ रोजी पेटीएमची पालक कंपनी बाजारात आली. आयपीओचा भाव २,१५० रुपये होता. राष्ट्रीय शेअर बाजारात शेअर सुमारे १,९५० वर उघडला आणि सुमारे १,५६० वर बंद झाला. सूचीबद्ध शेअरची किंमत काढण्याचा नियम असा, की एक्झरसाइजच्या दिवशीचा उघडता भाव आणि बंद भाव यांची सरासरी घ्यायची. त्या दिवशी एखाद्या कर्मचाऱ्याने नाममात्र किमतीचे ऑप्शन एक्झरसाइज केले असते, तर किंमत १,७५५ च्या आसपास धरली गेली असती, आणि तीस टक्के दराने सेससह शेअरमागे साडेपाचशेच्या जवळ कर बसला असता. वर्षभराने, नोव्हेंबर २०२२ च्या अखेरीस, शेअरचा भाव पाचशेच्या खाली होता. वर्षभर थांबून हलका दर मिळवायचा म्हणून ज्याने शेअर तसेच ठेवले असते, त्याचा कर शेअरच्या पूर्ण भावापेक्षा जास्त निघाला असता.

मग लवकर एक्झरसाइज करावं की थांबावं? नोकरीत असेपर्यंत ऑप्शन तसेच ठेवून, विक्रीची सोय होईल त्याच दिवशी एक्झरसाइज आणि विक्री एकत्र करता येते. तेव्हा जवळजवळ सगळा नफा पगारात जातो आणि भांडवली नफ्याला काही उरत नाही. तेच आकडे घेऊ. भाव १,६०० झाला आणि त्या दिवशी दोन्ही एकदम केलं, तर जादा कर साधारण २१ लाख ५९ हजार. लवकर घेऊन ठेवलेल्या वाटेने तो पावणेसतरा लाख होता, म्हणजे थांबल्यामुळे पावणेपाच लाखांहून जास्त गेले. पण भाव ६०० वर घसरला असेल, तर थांबणाऱ्याचा कर फक्त ६ लाख ८६ हजार, लवकर घेणाऱ्याचा १४ लाख ४ हजार. सात लाखांहून जास्त वाचले. शिवाय थांबणाऱ्याने स्वतःच्या खिशातून दोन वर्षांसाठी सोळा लाख गुंतवलेले नसतात. आकडे प्रत्येकाचे वेगळे असतील, पण कल हाच राहतो: लवकर एक्झरसाइज करणं म्हणजे कर्ज काढून किंवा बचत मोडून एकाच कंपनीवर लावलेली पैज आहे. जिथे पगार येतो तिथेच बचतही अडकवायची, हे कुठलाही बरा सीए एरवी करू देणार नाही.

एक अपवाद जरूर आहे. ऑप्शन अगदी सुरुवातीला, बाजारमूल्य आणि एक्झरसाइज प्राइस यांत फारसा फरक नसताना घेता आले, तर पहिला कर किरकोळ पडतो आणि पुढची सगळी वाढ हलक्या दरात जाते. पण व्हेस्टिंगआधी एक्झरसाइज करण्याची मुभा आपल्या योजनांत नसते, आणि किमान एक वर्षाची अट वर सांगितलीच. वर्षभरात मूल्यांकन किती वाढलं, यावर ही वाट उघडी की बंद हे ठरतं.

राजीनामा दिला की थांबण्याची ही मोकळीक संपते. म्हणून त्या मेलमधला ९० दिवसांचा आकडा कायद्याने ठरवलेला नाही, तो कंपनीच्या योजनेने ठरवलेला आहे, हे माहीत असणं मोलाचं. काही कंपन्यांनी तो काही वर्षांपर्यंत वाढवला आहे. नोकरी स्वीकारताना कितीजण ऑप्शनची संख्या आणि त्यांची फुगलेली किंमत विचारतात. सोडल्यावर किती दिवस मिळतील, हे फारच थोडे विचारतात.

सरकारने २०२० च्या अर्थसंकल्पात या दुखण्यावर एक औषध दिलं. पात्र स्टार्टअपच्या कर्मचाऱ्याचा पर्क्विझिटवरचा टीडीएस पुढे ढकलता येतो. किती पुढे? शेअर विकले, नोकरी सोडली, किंवा संबंधित निर्धारण वर्ष संपल्यावर ४८ महिने उलटले, यांपैकी जे आधी होईल तोपर्यंत. आणि त्या घटनेपासून १४ दिवसांत कर कापून भरायचा. जून २०२५ मध्ये शेअर मिळाले असतील, तर निर्धारण वर्ष ३१ मार्च २०२७ ला संपतं, ४८ महिने ३१ मार्च २०३१ ला पुरे होतात. ऐकायला छान. पण ‘नोकरी सोडली’ हे दोन शब्द आपल्या अभियंत्याला या यादीतून बाहेर काढतात, कारण तिला कर भरण्याची वेळच नोकरी सोडल्यामुळे आली. शिवाय ढकलली जाते ती भरण्याची तारीख, कराची रक्कम नव्हे. भाव नंतर कोसळला तरी कर जुन्याच किमतीवर.

आणि ‘पात्र’ म्हणजे कोण? उद्योग संवर्धन विभागाची मान्यता मिळालेले सगळे स्टार्टअप नव्हेत. करसवलतीसाठी आंतरमंत्रालयीन मंडळाचं वेगळं प्रमाणपत्र लागतं, आणि ते मान्यताप्राप्त स्टार्टअपपैकी फार थोड्यांकडे आहे. उलाढाल ठरावीक मर्यादेच्या वर गेली की कंपनी त्यातूनही बाहेर पडते. ज्या मोठ्या स्टार्टअपच्या ईसॉपची चर्चा होते, त्यांच्या बहुतेक कर्मचाऱ्यांना या सवलतीचा उपयोग नाही.

विक्रीच्या टप्प्यावरची सर्वांत महागडी चूक मात्र कायद्याची नसते, रिटर्न भरणाऱ्याची असते. ब्रोकरच्या किंवा डिमॅटच्या विवरणात ऑप्शनने आलेल्या शेअरची खरेदी किंमत कधी शून्य दिसते, कधी ५० रुपये. ती तशीच उचलून भांडवली नफ्याच्या तक्त्यात टाकली, की १,६०० ला विकलेल्या शेअरवर ५५० ऐवजी १,५५० रुपये नफा दिसतो. आपल्या उदाहरणात चाळीस लाखांवर दुसऱ्यांदा कर, म्हणजे पाच लाखांहून जास्त भुर्दंड. ही चूक ओळखायची सोपी खूण आहे. फॉर्म १६ बरोबर मालक फॉर्म १२बीए देतो, त्यात पगाराशिवायच्या लाभांची यादी असते आणि स्टॉक ऑप्शनची स्वतंत्र ओळ असते. त्या ओळीतली रक्कम अधिक तुम्ही प्रत्यक्ष भरलेले पैसे, भागिले शेअरची संख्या: येणारा आकडा हीच तुमची खरी खरेदी किंमत. ४० लाख अधिक २ लाख, भागिले ४,०००, बरोबर १,०५०. हा फॉर्म आणि अलॉटमेंटचं पत्र विक्री होईपर्यंत, मग ती दहा वर्षांनी का होईना, जपून ठेवायला हवं. कंपनी सोडली की तिच्या पोर्टलचा पासवर्डही जातो.

तारखेची चूकही तशीच. मुदत मोजायची ती अलॉटमेंटपासून, एक्झरसाइजच्या अर्जापासून नव्हे. दोहोंत कधीकधी महिना-दीड महिना जातो. अर्जाच्या तारखेवरून बारा महिने मोजून सूचीबद्ध शेअर विकले, तर साडेबारा टक्क्यांऐवजी अल्प मुदतीचे वीस टक्के लागू शकतात. शेअर सूचीबद्ध नसतील तर दीर्घ मुदत चोवीस महिन्यांनी सुरू होते, आणि त्याआधी विकले तर नफा नेहमीच्या स्लॅबमध्ये जातो.

हिंजवडी-खराडीतल्या बहुराष्ट्रीय कंपन्यांत काम करणाऱ्यांना सहसा परदेशी पालक कंपनीचे शेअर मिळतात. ते न्यूयॉर्कमध्ये सूचीबद्ध असले तरी आपल्या कायद्यात ते सूचीबद्ध धरले जात नाहीत. चोवीस महिन्यांची मुदत आणि सव्वा लाखाची सूट नाही, असा त्याचा अर्थ. कर भरण्यासाठी मिळालेल्या शेअरपैकी काही कंपनीनेच लगेच विकले असतील, तर ती छोटी विक्रीही रिटर्नमध्ये दाखवावी लागते. उरलेले शेअर परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात, कॅलेंडर वर्षाप्रमाणे, दरवर्षी दाखवायचे असतात, विकले नसले तरी. तो तक्ता कोरा ठेवला तर काळ्या पैशाच्या कायद्याखाली दहा लाखांच्या दंडाची तरतूद आहे. २०२४ च्या ऑक्टोबरपासून वीस लाखांपर्यंतच्या अशा मालमत्तेला त्या दंडातून वगळलं आहे, तक्ता भरण्यातून नाही.

कर नेमका कोणत्या घटनेवर लागतो, हा प्रश्न अजूनही न्यायालयांत रंगतो. २०२२ च्या अखेरीस फोनपे फ्लिपकार्टपासून वेगळी झाली. फ्लिपकार्टच्या ऑप्शनची किंमत त्यामुळे घटणार होती, म्हणून २०२३ मध्ये कंपनीने ऑप्शनधारकांना प्रत्येक ऑप्शनमागे ४३.६७ डॉलर भरपाई दिली. कुणी काही एक्झरसाइज केलं नव्हतं, शेअर अलॉट झाले नव्हते, ऑप्शन तसेच राहिले होते. कंपनीने टीडीएस कापला. दिल्ली उच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये सांगितलं, शेअरच मिळालेले नाहीत तर पर्क्विझिट कुठून आलं, ही भांडवली स्वरूपाची भरपाई आहे. मद्रास उच्च न्यायालयाने त्याच वर्षी नेमकं उलट मत दिलं, आणि नंतर कर्नाटक उच्च न्यायालयाने दिल्लीची बाजू उचलून धरली. तेच पैसे, तीच कंपनी, तेच पत्र. चेन्नईत ते पगार ठरले, दिल्ली-बंगळुरूत नाही.